मुंजीतला मंत्रोपदेश आणि पाच वेळा म्हटलेले 'बाढम्': आपले अनुभव लिहा

धागाकर्ता

गेल्या वैशाखात माझ्या मुलाची मुंज झाली. मुंजीविषयी बोलणे निघाले की मंगलाष्टके, भिक्षावळ, जेवणावळ यांचे वर्णन भरपूर होते. परंतु ज्या पंधरा-वीस मिनिटांसाठी हा सगळा खटाटोप असतो, त्या मंत्रोपदेशाविषयी आणि त्यानंतर बटूकडून वदवून घेतल्या जाणाऱ्या व्रतांविषयी कोणी फारसे सांगत नाही. म्हणून हा धागा काढतो आहे. आपल्याला गायत्री कोणी दिली, कशी दिली, आपण काय कबूल केले आणि त्यातले काय उरले, एवढेच लिहावे अशी विनंती आहे.

प्रथम माझा अनुभव. आम्ही ऋग्वेदी. मुलाला आठवे वर्ष चालू होते. आचार्य म्हणून पाटावर मीच बसलो होतो आणि गुरुजी शेजारून सांगत होते. सूर्याचे दर्शन घडवून झाले, समिधा अग्नीत पडल्या, मग मुलाने गुडघे टेकून माझे पाय धरले आणि 'अधीहि भोः, सावित्रीं भो अनुब्रूहि' असे म्हटले. या वाक्याचा अर्थ 'महाराज, मला सावित्री म्हणजेच गायत्री सांगा' असा आहे, हे मला आदल्या आठवड्यात कळले होते. तरी स्वतःचा मुलगा गुडघ्यांवर बसून मला 'भोः' म्हणतो आहे, याची तयारी मनाने मुळीच केलेली नव्हती. गुरुजींनी आमच्या दोघांच्या डोक्यांवरून धाबळी टाकली. आत धुराचा, तुपाचा आणि नुकत्याच केलेल्या मुंडनानंतर लावलेल्या हळदीचा वास कोंडला होता. मी त्याचे दोन्ही हात हातांत घेतले आणि घाईत संपूर्ण मंत्र एका दमात म्हणून टाकला.

धाबळीबाहेरून गुरुजींचा आवाज आला, 'पुन्हा. एकेक पाद सांगा.' मी थांबलो, श्वास घेतला आणि 'तत्सवितुर्वरेण्यम्' एवढेच म्हटले. त्यावर मुलाने एका झटक्यात पुढचा सगळा मंत्र म्हणून दाखवला, कारण त्याला तो घरच्या मोबाइलवर ऐकून पाठच होता, तोही त्याच संथ भजनाच्या चालीवर. शेवटचा तुकडा तो 'धियो योनः प्रचोदया' असा म्हणत होता. त्या क्षणापासून एक प्रश्न मला सोडत नाही: त्याला जे आधीच येत होते, ते मी त्याला 'दिले' असे म्हणता येईल का?

नंतर मेखला बांधली, हातात पळसाचा दंड दिला आणि मग पाच आज्ञा झाल्या. ब्रह्मचार्यसि. अपोऽशान. कर्म कुरु. दिवा मा स्वाप्सीः. आचार्याधीनो वेदमधीष्व. म्हणजे तू आता ब्रह्मचारी आहेस, आचमन करीत जा, आपले कर्म करीत जा, दिवसा झोपू नकोस, आचार्यांच्या आज्ञेत राहून वेद शीक. प्रत्येक आज्ञेनंतर गुरुजींनी मुलाला 'बाढम्' म्हणायला लावले. बाढम् म्हणजे 'होय, निश्चित'. चौथ्या आज्ञेचा अर्थ गुरुजींनी सांगितला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहून अगदी हळू आवाजात विचारले, 'आजपासून?' मी 'हो' म्हटले.

यजुर्वेदी

आपण उपदेश आधी आणि व्रते नंतर असा क्रम लिहिला आहे. माझ्या आठवणीत हे बरोबर उलटे आहे, त्यामुळे आपल्या गुरुजींची काही चूक तर झाली नाही ना, अशी शंका येते. आमच्याकडे आधी सगळ्या आज्ञा झाल्या आणि नंतर गायत्री सांगितली. शिवाय आम्ही 'बाढम्' असे म्हटले नव्हते. प्रत्येक आज्ञेला वेगळे उत्तर होते. 'ब्रह्मचार्यसि' म्हटले की 'भवानि', 'कर्म कुरु' म्हटले की 'करवाणि', 'मा दिवा सुषुप्थाः' म्हटले की 'न स्वपानि'. मला वडिलांनी महिनाभर आधीपासून ही उत्तरे पाठ करायला लावली होती. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आज चाळिशी उलटली तरी ती जशीच्या तशी येतात, मात्र त्यांतले 'न स्वपानि' फार काळ पाळलेले नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो.

आणखी एक गोष्ट आठवते. आमच्या आज्ञांमध्ये 'वाचं यच्छ' म्हणजे वाणी आवर, अशी एक आज्ञा होती. त्या दिवशी सूर्यास्तापर्यंत मला बोलू दिले नव्हते. भावंडे येऊन हसवण्याचा प्रयत्न करीत होती आणि आजी दंड घेऊन माझ्यापाशी बसून होती.

याज्ञिक

मी गेली तीस वर्षे याज्ञिकी करतो. दोघांचेही बरोबर आहे आणि गुरुजींची चूक मुळीच नाही. धागाकर्ते ऋग्वेदी आहेत, त्यांचा विधी आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे होतो. त्यात सावित्रीचा उपदेश आधी, नंतर मेखला आणि दंड, आणि मग व्रतादेश. यजुर्वेदींनी लिहिलेला क्रम पारस्कर गृह्यसूत्राचा, म्हणजे माध्यंदिन शाखेचा. तिथे शिष्याकडून आधी व्रते कबूल करून घेतात आणि मग अग्नीच्या उत्तरेला बसवून सावित्री सांगतात. त्यांच्या आज्ञांत 'अपोऽशान' ही आज्ञा सुरुवातीला एकदा आणि शेवटी पुन्हा एकदा अशी दोनदा येते, हे त्यांनी स्वतःच्या पाठांतरावर ताडून पाहावे. मंगल कार्यालयात दोन्हींकडची पाहुणेमंडळी बसलेली असली की हमखास कोणीतरी उठून 'गुरुजी, क्रम चुकला' असे म्हणते. त्या वेळी मी फक्त बटूची शाखा विचारतो.

आता पादांविषयी. सूत्रात स्पष्ट सांगितले आहे की आधी पादापादाने, मग अर्ध्या ऋचेने, मग सगळी. या ऋचेला तीन पाद आहेत, म्हणून दुसऱ्या फेरीत 'तत्सवितुर्वरेण्यं भर्गो देवस्य धीमहि' एवढे एका श्वासात येते आणि 'धियो यो नः प्रचोदयात्' हा एकटा पाद मागे राहतो. बटूला जमेल तेवढेच त्याच्याकडून म्हणवून घ्यावे, असेही तिथेच आहे. त्यामुळे धागाकर्त्यांना गुरुजींनी थांबवले ते योग्यच केले. एका दमात सांगितलेला मंत्र मुलाच्या कानावर पडतो, पण त्याच्या तोंडात बसत नाही.

पाठ असलेल्या मुलांविषयी माझे निरीक्षण असे की पाठ असणे ही अडचण नाही, चुकीचे पाठ असणे ही आहे. 'यो नः' हे दोन शब्द आहेत: 'जो' आणि 'आमच्या'. 'जो आमच्या बुद्धींना प्रेरणा देवो', असा तो पाद आहे. 'योनः' असे एकत्र म्हटले की अर्थच नाहीसा होतो. हे समजावण्याची सोपी जागा स्वरांत आहे. 'धियो' मधला 'यो' खाली उतरतो, लगेच पुढचा 'यो' वर येतो आणि 'नः' त्याहून चढता लागतो. मी मुलाच्या हाताचा तळवा माझ्या हातावर ठेवतो आणि हात खाली-वर नेत हे दोन 'यो' म्हणवतो. पाच-सहा वेळा केले की तो स्वतःच थबकतो आणि दोन शब्द वेगळे होतात. ज्याने ध्वनिमुद्रण ऐकून पाठ केले आहे, तो मुलगा लगेच ओळखू येतो; त्याचे दोन्ही 'यो' एकाच उंचीवर असतात आणि शेवटचा 'त्' गळालेला असतो.

बटूची आई

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझ्या मुलाची मुंज मागच्या माघात नाशिकला झाली. सकाळी मातृभोजन झाले. त्याला मांडीजवळ घेऊन एका पानात जेवायचे, ते शेवटचे, असे सगळ्या बायका म्हणत होत्या आणि माझा घास घशाखाली उतरत नव्हता. त्यानंतर मंत्रोपदेशाच्या वेळी मला सासूबाईंनी मागे बसायला सांगितले, कारण हा मंत्र आईने ऐकायचा नसतो, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे जे झाले ते मी कधी विसरणार नाही. गुरुजींच्या उपरण्याला छोटा माइक लावलेला होता, तो त्यांनी काढलाच नाही. यजमानांच्या आणि मुलाच्या डोक्यावर शाल टाकली आणि गुरुजी आत वाकून सांगू लागले, तो सगळा उपदेश कार्यालयातल्या चारही ध्वनिवर्धकांतून घुमला. माझ्या मुलाचा बारीक, किंचित कापरा आवाज सबंध सभागृहात ऐकू येत होता: 'भर्गो देवस्य धीमहि'. जेवणाच्या टेबलांवर पाने मांडणारी माणसे हातातले काम सोडून उभी राहिली. सासूबाईंना फार वाईट वाटले, त्या संध्याकाळपर्यंत गप्प होत्या. मी मात्र देवाचे आभार मानले. माझ्या मुलाला पहिल्यांदा वेद सांगितला जात होता आणि तो मला ऐकायला मिळाला.

गुरुजी, आईने ऐकू नये असे खरोखरच कुठे आहे का?

याज्ञिक

ताई, आपण विचारलेत म्हणून लिहितो. सूत्रात आचार्याने वस्त्रासह आपल्या हातांत शिष्याचे हात घ्यावेत, एवढेच आहे. डोक्यावरून वस्त्र घेण्याची पद्धत नंतर रूढ झाली असावी. एकाग्रतेसाठी मला ती आवडते, कारण गर्दीत मूल चहूकडे पाहत असते. मंत्र गुप्तपणे द्यावा ही परंपरा माझ्या गुरूंनीही सांगितली होती, आणि मी माइक बंद करूनच उपदेश सांगतो. पण आईला मागे बसवण्याचा आग्रह मी धरत नाही. तिलाच तर थोड्या वेळाने पहिली भिक्षा घालायची असते. जी नाही म्हणणार नाही, तिच्याकडे बटूने आधी जावे, असे सूत्र सांगते. म्हणून तो आईपाशी जातो.

सोळा संपली

या सगळ्या चर्चेत मूळ मुद्दा राहून जातो आहे. मुंज आठव्या वर्षीच व्हावी लागते. नऊ, दहा, बारा अशा कुठल्याही वर्षी उरकलेली मुंज शास्त्राला धरून नसते, आणि सोळाव्या वर्षानंतर तर गायत्री देताच येत नाही. त्यामुळे वर ज्यांनी नवव्या वर्षीच्या मुंजीविषयी लिहिले आहे, त्यांनी तिचा फार विचार करू नये.

लग्नाआधी

मी स्वतः सत्ताविसाव्या वर्षी मुंज झालेला माणूस आहे, म्हणून उत्तर देणे मला भाग आहे. आमच्या घरात वडील लवकर गेले, मग राहतच गेले. शेवटी लग्नाच्या आदल्या दिवशी काकांनी मुंज लावली. गुरुजींनी आधी काल उलटून गेल्याबद्दल प्रायश्चित्ताचा संकल्प सोडायला लावला आणि मग पुढचा विधी केला. ब्राह्मणासाठी आठवे वर्ष हा मुख्य काळ आणि सोळावे ही मर्यादा, असे त्यांनी मला सांगितले. मर्यादा ओलांडली तर प्रायश्चित्त घेऊन उपनयन करता येते, हेही त्यांनीच सांगितले. तेव्हा 'देताच येत नाही' हे म्हणणे पूर्ण खरे नाही, आणि नवव्या वर्षाच्या मुंजीत तर कसलाच दोष नाही.

काकांनी मला गायत्री सांगितली तेव्हा माझ्या दाढीला आणि त्यांच्या पांढऱ्या केसांना एकच शाल पुरत नव्हती. मी दोन्ही गुडघे टेकून बसलो होतो, आणि मला त्या अवस्थेत हसू येईल असे वाटले होते. पण 'अधीहि भोः' म्हणताना आवाज दाटून आला, कारण ज्यांना हे म्हणायचे ते वडील समोर नव्हते. काकांनी त्यांच्या हातांनी माझे हात घट्ट धरले. नंतर त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवून 'मम व्रते हृदयं ते दधामि' म्हटले. माझ्या व्रतात तुझे हृदय ठेवतो, असा त्याचा अर्थ गुरुजींनी सांगितला.

एक खंत मात्र आहे. दुपारी बारा वाजता मी दिवसा झोपणार नाही, वेद शिकेन, असे कबूल केले आणि चार वाजता सोडमुंज झाली. चार तासांचे ब्रह्मचर्य. पाळण्यासाठी मला काही वेळच मिळाला नाही. त्या वचनांचे पुढे काय होते, ती सोडमुंजीबरोबर सुटतात की राहतात, हे मला अजून नीट उमगलेले नाही.

वाईचे आजोबा

माझी मुंज १९५८ साली वाईला आमच्या वाड्यात झाली. 'लग्नाआधी' या नावाने लिहिणाऱ्यांनी विचारलेला प्रश्न वाचला आणि मला माझे ते दिवस आठवले, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या वडिलांनी सोडमुंज त्याच दिवशी करण्यास साफ नकार दिला होता. मी बारा दिवस ब्रह्मचारी म्हणून राहिलो. पहिल्या दिवशी माध्यान्ह संध्या झाली, तीच आयुष्यातली पहिली संध्या, कारण उपदेश होईपर्यंत सकाळ टळून गेलेली असते. संध्याकाळी अनुप्रवचनीय होम झाला. पहिले तीन दिवस मीठ आणि खारट पदार्थ वर्ज्य होते आणि रात्री जमिनीवर निजायचे होते. खाली चटई, अंगावर पंचा. मुंज गवताची मेखला कमरेला इतकी टोचत असे की दुसऱ्या दिवशी उजव्या कुशीला लाल वळ उठला. आईने त्यावर तूप लावले, पण मेखला सोडून ठेवू दिली नाही.

सकाळ-संध्याकाळ अग्नीत समिधा द्यायची आणि 'अग्नये समिधमाहार्षम्' म्हणायचे. त्यानंतर हात अग्नीवर तापवून तोंडावरून तीनदा फिरवायचा. वैशाखातल्या उन्हात ते ऊन हात चेहऱ्याला नकोसे वाटत आणि तरीही तेवढा एक क्षण मी मोठा झालो आहे असे मला वाटे. वडिलांनी त्या बारा दिवसांत मंत्राचे तीन पाद मला रोज पहाटे पुन्हा तसेच सांगितले, जसे मुंजीच्या दिवशी सांगितले होते. आधी पादापादाने, मग अर्धी, मग सगळी. नदीवर उगवतीकडे तोंड करून उभे राहायचे, ओंजळीत पाणी घ्यायचे, मंत्र म्हणून अर्घ्य सोडायचे. कृष्णेचे पाणी पहाटे गार असते. बोटांमधून ते गळून जाऊ नये म्हणून मी बोटे घट्ट जुळवून मंत्र लवकर संपवीत असे. वडील ओळखत आणि 'पाणी जाऊ दे, मंत्र नीट म्हण' असे सांगत.

चौथ्या दिवशी मेधाजनन झाले. गावाबाहेर पळसाचे झाड होते, त्याच्या बुंध्याभोवती प्रदक्षिणा घालत कलशातले पाणी घालायचे आणि 'सुश्रवः सुश्रवा असि' हा मंत्र म्हणायचा. पळसाची पाने तेव्हा नवी, मोठी, पोपटी झालेली होती. माझ्या नातवाच्या मुंजीत हाच विधी पळसाची फांदी कुंडीत खोचून, उपदेशानंतर अर्ध्या तासात उरकला. गुरुजींचा दोष नाही, कार्यालय पाच वाजता रिकामे करून द्यायचे होते. परंतु माझ्या मनाला ते पटले नाही.

आता धागाकर्त्यांच्या प्रश्नाविषयी. मलाही मंत्र आधी ठाऊक होता. वडील रोज संध्येला म्हणत, ते दाराआडून ऐकलेले होते. तरी तो म्हणण्याचा अधिकार मला नव्हता, हे मला माहीत होते. मिळाला तो अधिकार. शब्द त्याच्या आधीपासून घरातच होते.

भिक्षावळवाली

आपण सगळे फार छान लिहीत आहात. मला एक विचारायचे होते. आमच्या भाच्याची मुंज फाल्गुनात आहे आणि भिक्षावळीत मावशी म्हणून मी काय घालावे, लाडू की सुका मेवा, असा प्रश्न पडला आहे. शिवाय त्याला केस पूर्ण काढायचे नाहीत, तो शाळेच्या नाटकात आहे. फक्त घेरा ठेवून शेंडी दाखवली तर चालेल का?

याज्ञिक

ताई, भिक्षेत तांदूळ घातले तरी पुरते, पुढे सगळे आपल्या हौसेचे आहे. केसांविषयी आपल्या गुरुजींनाच विचारावे. माझ्याकडे असे प्रसंग येतात आणि मी मुलाशी एकट्याने बोलतो. दहांतली चार मुले तयार होतात. उरलेल्यांसाठी मी त्याच्या आईवडिलांना जो निर्णय सांगतो, तो प्रत्येक घरी सारखा नसतो.

दोन मुलींचा बाबा

मी वेगळ्या दिशेने लिहितो आहे, पण विषय तोच आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीमध्ये मुलामुलींसाठी विद्याव्रत संस्कार होतो. त्यात माझी थोरली मुलगी आठवीत असताना बसली होती. धाकटीची आम्ही घरीच मुंज केली, पौरोहित्य एका बाईंनी केले आणि उपदेश मी केला. मी तिला आधी एकेक पाद सांगितला. ती अकरा वर्षांची होती आणि तिने मला 'धीमहि' पाशी थांबवून विचारले, 'बाबा, आम्ही ध्यान करतो, असे अनेकवचन का आहे? मी तर एकटी म्हणते आहे.' माझ्यापाशी उत्तर नव्हते. बाई म्हणाल्या, 'म्हणूनच तर एकटीने म्हटला तरी तो सगळ्यांसाठी होतो.' ते उत्तर बरोबर होते की नाही मला सांगता येणार नाही, पण ती त्यानंतर संपूर्ण मंत्र एकाग्रतेने म्हणू लागली.

व्रतांपैकी 'दिवा मा स्वाप्सीः' तिने सर्वांत काटेकोर पाळले आहे. सुटीच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे आडवे होतो आणि ती खुर्चीत पुस्तक घेऊन बसते.

वाईचे आजोबा

मुलीला उपनयन देणे माझ्या परंपरेत बसत नाही आणि मी ते मान्य करतो असे लिहिणे खोटे ठरेल. पुराणकाळी ब्रह्मवादिनींचे उपनयन होत असे, असा दाखला लोक देतात, तो मला ठाऊक आहे. तरीही मला पटलेले नाही. पण तिने अनेकवचनाविषयी विचारलेला प्रश्न मला जवळजवळ सत्तर वर्षांच्या संध्येत कधी पडला नाही, हेही लिहिले पाहिजे.

एकोणीस वर्षांचा

माझी मुंज झाली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मला मंत्रोपदेश जवळजवळ आठवत नाही. जे आठवते ते एवढेच, की वडिलांचे हात घामेजलेले होते आणि ते माझ्याहून जास्त घाबरलेले होते. माझ्या हातांवर त्यांच्या अंगठ्याचा दाब मला आजही जाणवतो.

व्रतांतले दुसरे, म्हणजे 'अपोऽशान', माझ्याकडे राहिले आहे. आजोबांनी मला त्याचा अर्थ जेवणाशी जोडून सांगितला होता. जेवायला बसलो की ताटाभोवती पाणी फिरवायचे, चित्राहुती घालायच्या आणि पळीभर पाणी तळहातावर घेऊन प्यायचे. वसतिगृहाच्या खानावळीत मी पेल्यातून थोडे पाणी तळहातावर घेतो, कोणाच्या लक्षात येत नाही. संध्या मात्र सुटली. रोजची सोडा, परीक्षेच्या दिवसाखेरीज गायत्री म्हटली जात नाही. हा धागा वाचून मी काल म्हणून पाहिली आणि माझेही दोन्ही 'यो' एकाच उंचीवर होते.

गुरुजी, आज्ञेतला 'अपोऽशान' आणि जेवणातले आपोशन एकच आहेत का? आजोबा आता नाहीत.

याज्ञिक

बाळ, आज्ञेतल्या 'अपोऽशान' चा अर्थ 'पाणी पी' असा आहे आणि आम्ही तो आचमनापुरता घेतो. कर्माच्या आधी शुद्धीसाठी घ्यायचे ते. जेवणातल्या आपोशनाचा मंत्र वेगळा आहे. काटेकोरपणे पाहता दोन्ही एक नव्हेत. पण आजोबांनी आठ वर्षांच्या मुलाला दिवसातून दोनदा आठवेल अशा ठिकाणी ते वचन बांधून दिले, आणि मला त्यात चूक दिसत नाही. स्वरांसाठी सांगतो: तर्जनी खाली नेत 'धि-यो', वर आणत 'यो', आणि आणखी वर नेत 'नः'. आज सकाळी दहादा करून पाहा.

आणखी एक. या ऋचेची गायत्री छंदात २४ अक्षरे व्हायला हवीत आणि मोजली तर २३ भरतात. पहिल्या पादात सातच येतात. जुन्या पाठात 'वरेण्यम्' हे 'वरेणियम्' असे सुटे धरले की आठ होतात. म्हणताना आम्ही 'वरेण्यम्' च म्हणतो, पण 'ण्य' वर किंचित वेळ दिला की पाद घाईने संपत नाही. ज्यांना पहिला पाद धाप लागल्यासारखा वाटतो, त्यांनी हे करून पाहावे. ऋग्वेदात ही ऋचा तिसऱ्या मंडलात आहे (३.६२.१०) आणि 'ॐ भूर्भुवः स्वः' हा तिचा भाग नाही, त्या व्याहृती जपाच्या वेळी आधी जोडतात, त्यामुळे अक्षरे मोजताना त्या धरू नयेत.

यजुर्वेदी

गुरुजींनी सांगितल्यावर वडिलांची वही काढून पाहिली. 'अपोऽशान' खरोखरच दोनदा आहे. मी इतकी वर्षे दुसरे उत्तर विसरून सहाच म्हणत होतो.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आजोबांनी लिहिलेली अधिकाराची गोष्ट मी मुलाला वाचून दाखवली, पण ती त्याला कितपत कळली हे सांगता येत नाही, आणि माझ्या मनातला प्रश्नही तिने पूर्णपणे मिटवलेला नाही.

काल संध्याकाळी मात्र आम्ही गॅलरीत उभे राहून गुरुजींनी सांगितले तसे तर्जनीने 'यो' खाली आणि वर नेऊन पाहिले. मी पादापादाने सांगत होतो आणि या वेळी घाई केली नाही. तिसऱ्या फेरीला त्याने मला थांबवले आणि म्हणाला, 'बाबा, तुमचा 'त्' ऐकू आला नाही.' मी पुन्हा म्हटले. त्याने मान हलवली आणि मग आम्ही दोघांनी संपूर्ण मंत्र एकत्र म्हटला. आज पहाटे उठवायला मला जावे लागले नाही. तो ताम्हन आणि पळी-पंचपात्र घेऊन आधीच पूर्वेकडच्या खिडकीपाशी बसला होता, आणि दुपारी शाळेतून आल्यावर पलंगाकडे पाहत म्हणाला, 'थोडा वेळ नुसता पडलो, झोपलो नाही, तर चालेल का?' याचे उत्तर मी त्याला अजून दिलेले नाही. गुरुजी, आपल्याकडे असेल तर लिहावे.